इंग्रजीवरून केलेला सोसायटीचा मेसेज मराठीत नीट कसा लिहू?

प्रश्न: सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला हा मेसेज इंग्रजीवरून केलाय पण वाचायला विचित्र वाटतोय, कसा सुधारू? "पाण्याची टाकी, जी गच्चीवर आहे, ती रविवारी प्लंबरद्वारे स्वच्छ केली जाईल. पाणीपुरवठा ९ ते २ दरम्यान उपलब्ध नसेल. कृपया खात्री करा की तुम्ही तुमच्या घरात पुरेसे पाणी साठवले आहे. गैरसोयीबद्दल आम्ही क्षमस्व आहोत."

उत्तर:
यात शब्द बदलत बसू नका, शब्द बरेचसे मराठीच आहेत, घोळ वाक्याच्या बांधणीत आहे. आधी मेसेज बाजूला ठेवा आणि हेच जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंना कसं सांगाल ते मोठ्याने बोलून बघा.

"टाकी, जी गच्चीवर आहे, ती" असं आपण बोलत नाही, मराठीत ती माहिती नामाच्या आधी येते, म्हणजे सरळ "गच्चीवरची टाकी". "द्वारे" आणि "केली जाईल" तर काढूनच टाका, कारण टाकी कोण धुणार याच्याशी लोकांना काही घेणंदेणं नसतं, म्हणून "टाकी धुवायची आहे" एवढं पुरतं, करणाऱ्याचं नावच घ्यावं लागत नाही.

सगळ्यात जास्त अडतंय ते "खात्री करा की... साठवले आहे" इथे. इथे मराठीत जोडक्रियापद वापरतात, "पाणी भरून ठेवा". त्या "ठेवा"मध्येच पुढे लागणार म्हणून आत्ताच करा हा अर्थ येतो, वेगळी खात्री कशाला हवी? "तुम्ही तुमच्या घरात" पण नको, घरातच भरणार ना.

आणि "आम्ही क्षमस्व आहोत" हे चुकीचंच आहे, क्षमस्व हा मुळात संस्कृत आज्ञार्थ आहे, त्याचा अर्थच "क्षमा कर", त्यामुळे नुसतं "क्षमस्व" लिहा नाहीतर "सांभाळून घ्या" म्हणा, शेजाऱ्यांना दुसरं जास्त आपलं वाटतं.

मी असा लिहीन:

"नमस्कार. येत्या रविवारी गच्चीवरची टाकी धुवायची आहे, त्यामुळे सकाळी ९ ते दुपारी २ पाणी येणार नाही. शनिवारी रात्रीच लागेल तेवढं पाणी भरून ठेवा. घराबाहेर जाणार असाल तर नळ बंद आहेत ना ते बघून जा. थोडी अडचण होईल, सांभाळून घ्या."

नळाची ओळ मी वाढवलीय, कारण पाणी नसताना उघडा राहिलेला नळ नंतर घरभर पाणी करतो. रविवारच्या पुढे तारीख मात्र टाका, मेसेज फॉरवर्ड होत राहिला की "येत्या"चा घोळ होतो.

फक्त एक, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस असेल तर हा सूर चालणार नाही. तिथे "सर्व सभासदांना कळविण्यात येते की" हेच बरोबर, ती आपल्याकडची रुळलेली कार्यालयीन मराठी आहे, आणि सोसायटीच्या नोटिशीत सहसा सदस्यापेक्षा सभासद लिहितात.