प्रोसेसिंग कंपनीला कांद्याचं प्रपोजल देताना रेटच्या आधी काय लिहावं?

प्रश्न: आमची आंबेगाव तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. चाकणजवळ ग्रेव्ही आणि कांदा पेस्ट बनवणारा एक कारखाना आहे, त्यांना जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला ८ टन ग्रेडिंग केलेला उन्हाळी कांदा हवाय. ते म्हणाले स्पेक आणि रेट पाठवा. प्रपोजल कसं लिहू?

उत्तर:

मी शिरूर तालुक्यातल्या एका शेतकरी कंपनीचं खरेदी-विक्रीचं काम बघतो, त्याआधी पाच वर्षं एका प्रोसेसिंग युनिटच्या खरेदी विभागात होतो, त्यामुळे असं प्रपोजल टेबलाच्या दोन्ही बाजूंनी वाचलंय. त्यांनी स्पेक आणि रेट मागितलाय म्हणून तुम्ही तेवढंच पाठवलंत तर ते चाकण मार्केटच्या भावाशी तुलना करणार आणि विषय तिथेच संपणार. खरेदीवाल्याला खरी धास्ती असते सप्टेंबर-ऑक्टोबरची, तेव्हा गाडी येणार का आणि आली तर आतला माल कसा असणार. तर प्रपोजल तिथून सुरू करा.

आधी हिशोब उलटा मांडा. महिन्याला ३२ टन धरले तर पाच महिन्यांचे १६० टन. बरेच जण इथे १६० वर दहा टक्के जास्त धरतात आणि आपल्याकडे एवढा माल आहे असं लिहून टाकतात, आम्हीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हात वर करायची वेळ आली. कांदा चाळीत बसल्या बसल्या घटतो, पाणी उडतं, काही सडतो, काहीला मोड येतात. आमच्या चाळींचा अनुभव असा की मे अखेर भरलेल्या १०० किलोतले जूनमध्ये ९५ हाताशी असतात, ऑगस्टमध्ये ८१ आणि ऑक्टोबरला कसेबसे ६६. म्हणजे जूनचे ३२ टन द्यायला चाळीत ३४ टन पुरतात, पण ऑक्टोबरच्या त्याच ३२ टनांसाठी साडेअठ्ठेचाळीस टन भरून ठेवावे लागतात. पाचही महिन्यांची बेरीज केली की चाळीत साधारण २०० टन लागतात. आणि हे २०० टन निवडलेले हवेत. शेतातून येणाऱ्या मालात गोल्टी, जोड, डेंगळे, जाड मानेचे आणि काढताना खुरप्याने कापलेले बाजूला काढले की आमच्याकडे शंभरातले पंचाहत्तर उरतात. म्हणजे शेतातून साधारण २६७ टन यायला पाहिजे. एकरी ९ टन धरले तर ३० एकर झाले, आणि २५ टनी चाळी ८ लागतात.

हे आकडे आमच्या चाळींचे आहेत, तुमचे वेगळे येतील. मागच्या वर्षीच्या वजनाच्या पावत्या असतील तर त्यावरून काढा, नसतील तर यंदा एका चाळीच्या एका कप्प्यात दहा गोण्या मोजून ठेवा आणि दर महिन्याला वजन घ्या. हा तक्ता जसाच्या तसा प्रपोजलच्या पहिल्या पानावर टाका, कुठल्या गावात किती चाळी, किती टन, वाण कोणता, भरल्याची तारीख काय. वाणाचा उल्लेख नक्की करा कारण टिकण्यात फार फरक पडतो, आपल्या भागात फुरसुंगी गावठी चालतो, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा शक्ती आणि भीमा किरण हे रब्बीसाठीचे वाण आहेत. एका लॉटमध्ये एकच वाण ठेवा.

टिकवण मात्र चाळीत नाही, शेतात ठरते. तुमच्या शेतकऱ्यांकडून तीन गोष्टी लिहून घ्या, उशिरा युरिया टाकायचा नाही, काढणीच्या आधी १० ते १५ दिवस पाणी तोडायचं, आणि निम्म्या माना पडल्यावरच काढायचा. मग पातीसकट तीन-चार दिवस शेतात, पातीने कांदा झाकून, नंतर बोटभर मान ठेवून पात कापायची आणि सावलीत दहा-बारा दिवस सुकवायचा. चाळीवर गेलात की मूठभर कांदे उचलून मानेवर अंगठा दाबून बघा. मान कागदासारखी कोरडी वाजली पाहिजे, अंगठा आत रुतला तर तो कांदा जुलैच्या आत सडणार आणि शेजारचे चार घेऊन जाणार. असा लॉट मेमध्येच मार्केटला काढा, कंपनीच्या नावाने भरू नका.

आता स्पेक. पेस्टवाल्याला दिसायला देखणा कांदा नको असतो, तो सोललेला किलो विकत घेतो. मशीनमध्ये कांद्याचं वरचं आणि मुळाचं टोक कापलं जातं, कांदा बारीक असेल तर त्यात जास्त माल जातो, आणि जोड कांदा मशीनला धरता येत नाही, तो बायकांना हाताने सोलावा लागतो. मी युनिटमध्ये होतो तेव्हा ५५ ते ६५ मिलिमीटरच्या मालातून शंभराला ८७-८८ किलो सोललेला निघायचा, ४५ च्या खालच्या मालातून ८० च्या आसपास. म्हणून त्यांना सांगा की आमचा १०० किलो माल तुमच्या लाइनवर सोला आणि तुमच्या आत्ताच्या मालाशेजारी वजन करून बघा. गोणीमागे दोन रुपये स्वस्त दाखवण्यापेक्षा हे खरेदीवाल्याला जास्त पटतं, कारण तो हाच आकडा त्याच्या साहेबाला दाखवतो.

स्पेकमध्ये शून्य टक्के कशालाच लिहू नका. आम्ही लिहितो, आकार ४५ ते ७०, त्याबाहेरचा वजनाने १० टक्क्यांपर्यंत, जोड ५ पर्यंत, मोड आलेला ३ पर्यंत, सडका २ पर्यंत. यातला प्रत्येक आकडा त्यांच्याशी बसून ठरवा, पण त्याच्या पुढची पायरीही लिहा, सगळी भांडणं तिथेच होतात. सडका २ ते ५ टक्के निघाला तर तेवढं वजन कापायचं, ५ च्या वर गेला तर गाडी परत न पाठवता त्यांच्याच आवारात आमच्या खर्चाने पुन्हा निवडायची.

हे कलम आमच्याकडे का आलं ते सांगतो. ऑगस्टमधली गोष्ट आहे, दोन दिवस पाऊस होता, गाडीची ताडपत्री मागच्या बाजूने फाटलेली, गेटवर त्यांच्या माणसाने मागच्याच तीन गोण्या उघडल्या, त्या भिजलेल्या होत्या, आणि आठ टनांची अख्खी गाडी रिजेक्ट. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले, रात्रभर माल गाडीत उबला आणि सकाळी मार्केटला मिळेल त्या भावात दिला. चूक आमची होती ताडपत्रीची, पण पुढच्या १५० गोण्या कोरड्या होत्या त्या कोणी बघितल्याच नाहीत. तेव्हापासून करारात असतं की दर २० गोण्यांमागे एक, गाडीच्या पुढून, मधून आणि मागून, दोघांच्या माणसांसमोर उघडायची, आणि गाडी पोचल्यापासून चार तासांत निर्णय द्यायचा. भरताना आपणही हेच सॅम्पलिंग करून सहीचा कागद आणि फोटो गाडीबरोबर पाठवतो.

रेटचं. पाच महिन्यांना एकच रेट देऊ नका, हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. १५ रुपयांनी चाळीत भरलेला कांदा ऑक्टोबरला शंभराचा ६६ किलो उरला तर नुसत्या घटीनेच तो २२ रुपये ७० पैशांना पडला, त्यात मजुरी, गोणी, वाहतूक, व्याज काहीच नाही. म्हणून महिन्याचा चढता तक्ता द्या आणि शेजारी घटीचा हिशोब उघड दाखवा, समोरचा मान्य करतो कारण त्याने स्वतः साठवला तरी हीच घट येणार आहे.

मग मार्केटशी सांधा. सप्टेंबरचा ठरलेला रेट समजा २४. मागच्या आठवड्याचा चाकण आणि मंचरचा सरासरी भाव २० ते २८ मध्ये असला तर २४ च. ३६ झाला तर २८ च्या वरचे ८ निम्मे-निम्मे, म्हणजे २८. १४ वर पडला तर २० च्या खालचे ६ निम्मे, म्हणजे २१. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

पण खरं सांगू का, मार्केट ३६ आणि कंपनी २८ असेल तर करार कितीही चांगला असो, शेतकरी माल मार्केटला नेणारच, त्याच्या घरी लग्न असतं, सोसायटीचं कर्ज असतं, त्याला दोष देऊन चालत नाही. आम्ही यावर एकच उपाय केला. प्रत्येकाकडून त्याच्या चाळीतला फक्त ६० टक्के माल बांधून घेतो, ४० टक्के त्याचा मोकळा. तेजीत तो ४० टक्के विकून पैसे करतो आणि ६० ला हात लावत नाही. म्हणजे तुम्हाला ३० नाही तर ५० एकरांचे शेतकरी जोडावे लागतील. हेही प्रपोजलमध्ये लिहा, लपवू नका. खरेदीवाल्याचे हात आधी पोळलेले असतात, त्याचा पहिला प्रश्न हाच असतो की भाव वाढल्यावर तुमचे लोक पळाले तर काय.

पेमेंटचं थोडक्यात, आठवड्याला ८ टन गुणिले २४ म्हणजे १ लाख ९२ हजार, त्यांनी ३० दिवसांची उधारी मागितली तर तुमचे आठ लाखांच्या वर कायम अडकलेले राहणार, आणि शेतकऱ्याला तर मार्केटसारखे लगेच हवे असतात. ७० टक्के सात दिवसांत आणि बाकी महिन्याने असं मागा, नाहीतर बँकेची कॅश क्रेडिट आधी मंजूर करून घ्या आणि तिचं व्याज रेटमध्ये धरा. कागदपत्रांत FSSAI चा नंबर लागेल. मार्केट यार्डाबाहेर थेट विकायला अडचण नाही, फळं-भाजीपाला २०१६ लाच यार्डाबाहेर नियमनमुक्त झालाय.

शेवटी एक ओळ टाका की नोव्हेंबरपासून या स्पेकचा कांदा आम्ही देऊ शकत नाही. तेव्हा खरिपाचा लाल कांदा येतो, त्यात पाणी जास्त, त्याची पेस्ट पातळ होते आणि शिजवायला गॅस जास्त जातो, त्यासाठी वेगळा स्पेक आणि वेगळा रेट बोलू असं लिहा. आणि ट्रायलला एकच गाडी देऊन थांबू नका, जूनमध्ये कोणाचाही कांदा चांगला असतो. जूनला एक आणि ऑगस्टच्या पावसात एक अशा दोन ट्रायल गाड्या मागा, दुसरी पास झाली की पुढच्या वर्षीचा करार फेब्रुवारीत, कांदा शेतात उभा असतानाच करा आणि त्यांच्या माणसाला तेव्हाच शेतावर बोलवा.