मनाचे श्लोक अठ्ठाविसाव्यापासून का गोंधळतात?

प्रश्न: "मी पुण्यात नोकरी करतो, वय ४१. रोज एक याप्रमाणे मनाचे श्लोक पाठ करतोय. पंचवीस-सव्वीसपर्यंत छान झाले, पण पुढे सगळे एकमेकांत मिसळतात. म्हणता म्हणता मधलेच दोन-तीन गळतात आणि कळतही नाही. रविवारी उजळणी करतो, तरी हेच. काय करू?"

उत्तर:

अडचण तुमच्या स्मरणशक्तीत नाही, त्या श्लोकांच्या रचनेतच आहे. २८ ते ३७ या दहाही श्लोकांचा चौथा चरण एकच आहे: 'नुपेक्षी कदा राम दासाभिमानी'. त्याच्याशी यमक जुळवायचं म्हणून तिसरे चरणही 'मानी', 'विमानी', 'शूलपाणी', 'वेदवाणी', 'पुराणी', 'चापपाणी' असे एकाच सुरात संपतात. त्यामुळे चौथा चरण म्हणून झाला की आता कोणत्या श्लोकावर जायचं याची काहीच खूण हाती उरत नाही. एकतिसावा म्हणून जीभ थेट चौतिसाव्यावर गेली तरी कानाला काही खटकत नाही. त्यात सत्ताविसाव्याचा शेवट 'नुपेक्षी कदा कोपल्या दंडधारी' असा आहे. तिथे सवयीने 'राम दासाभिमानी' आलं की घसरण तिथूनच सुरू होते.

म्हणून इथे श्लोकापेक्षा सांधा पाठ करायचा. समजा सोमवारी २८ घेतला आणि मंगळवारी २९. मंगळवारी सकाळी पुस्तक उघडण्याआधी कालचा श्लोक न बघता म्हणा. अडलात तर लगेच पुस्तकात बघू नका, थोडं आठवू द्या. स्वतःहून आठवलेला शब्द पक्का बसतो, नुसत्या घोकण्याने तो तितका बसत नाही. मग नवा श्लोक घ्या: आधी दोन चरण, मग पुढचे दोन, मग चारही. त्यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं. अठ्ठाविसाव्याच्या तिसऱ्या चरणापासून सुरू करून न थांबता एकोणतिसाव्यात शिरायचं: 'मना वाक्य नेमस्त हे सत्य मानी, नुपेक्षी कदा राम दासाभिमानी, पदी राघवाचे सदा ब्रीद गाजे'. हा तुकडा पाच-सहा वेळा म्हणा. रात्री झोपण्यापूर्वी एकदा, पुस्तक मिटून.

सोबत सुरुवातींची साखळी वेगळी पाठ करा: दिनानाथ, पदी राघवाचे, समर्थाचिया, महासंकटी, अहल्या, वसे मेरु, उपेक्षा, असे हो, सदा सर्वदा, सदा चक्रवाकासि. शेवटचे दोन्ही 'सदा'ने सुरू होतात, तिथे सावध राहा. वेताळ टेकडीवर फिरताना किंवा हिंजवडीच्या बसमध्येही ही साखळी मनातल्या मनात फिरवता येते. दहा श्लोक आणि दहा बोटं, म्हणून प्रत्येक श्लोकाला एक बोट मिटा. 'चक्रवाकासि' आलं आणि बोट उरलं तर मधला श्लोक गळला, हे तिथल्या तिथे कळतं.

शब्द चुकला की नाही हे मात्र वृत्त सांगतं. सगळे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, दर चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असं चार वेळा. मोठ्याने, ठेक्यात म्हणा, म्हणजे अक्षर कमीजास्त झालं की चरण लंगडतो. 'सन्नीध', 'शीणली' ही रूपं वृत्तासाठीच दीर्घ आहेत, ती आजच्या लेखनाप्रमाणे 'सुधारू' नका. आणि पाठभेद असतात, म्हणून शेवटपर्यंत एकच प्रत वापरा.

आता रविवार. शनिवारपर्यंत तुमचे २८ ते ३३ झालेले असतील. रविवारी नवा श्लोक नाही. हे सहा आधी उलट क्रमाने म्हणा, म्हणजे ३३, मग ३२, असे, आणि मग सरळ. उलट म्हणताना आधीच्या श्लोकाचा आधार मिळत नाही, त्यामुळे कच्चा कोणता ते लगेच उघडं पडतं. पुढच्या आठवड्यात गुरुवारपर्यंत ३७ होईल. शुक्रवार-शनिवारी नवीन काही न घेता हे दहा एकसंध म्हणा.

जुन्या श्लोकांसाठी, दर रविवारी सगळं पहिल्यापासून म्हणायचा आग्रह सोडा. तसं केलं की सुरुवातीचे श्लोक घट्ट होत जातात आणि वेळ संपल्यामुळे मधले कायम कच्चे राहतात. झालेल्या भागाचे चार वाटे करा आणि दर रविवारी एक वाटा घ्या. प्रत्येक श्लोक महिन्यातून एकदा फिरून येतो. सगळे २०५ झाल्यावरही एका वाट्याला पन्नासच श्लोक येतात, त्यांना दहा-बारा मिनिटं पुरतात. घरातल्या कोणाला तरी मधलाच तिसरा चरण वाचायला सांगा आणि तुम्ही तिथून पुढच्या श्लोकात जाऊन दाखवा.

एकाच सांध्यावर सलग दोन रविवार अडखळलात, तर त्या आठवड्यात नवा श्लोक घेऊ नका, तेवढा सांधाच रोज म्हणा. या वेगाने आठ-नऊ महिने लागतील. पुढे ४७ ते ५६ मध्ये 'जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा' हा चरण असाच दहा वेळा येतो, तिथे पहिल्याच दिवशी सुरुवातींची साखळी करून ठेवा.