स्मार्त एकादशी, भागवत एकादशी : दोन शब्द, दोन दिवस

प्रश्न : "दिनदर्शिकेत कधी कधी एका दिवशी 'स्मार्त एकादशी' आणि दुसऱ्या दिवशी 'भागवत एकादशी' असं छापलेलं असतं. एकादशी एकच ना, मग दोन दिवस कसे? यातला 'भागवत' म्हणजे कोण? आणि आम्ही कोणती धरायची?"

आधी शब्दांचं बघू, म्हणजे तारखांचं कोडं सोपं जाईल. 'स्मार्त' म्हणजे स्मृतिग्रंथांतले आचार पाळणारा. पुष्कळ लोक 'स्मार्त म्हणजे शंकराचे भक्त' असा अर्थ लावतात, तो बरोबर नाही. स्मार्ताच्या देवघरात पंचायतन असतं आणि त्यात विष्णूही असतोच. 'भागवत' म्हणजे भगवंताचा, अर्थात विष्णूचा उपासक. इथे भागवत ग्रंथाचा किंवा सप्ताहाचा संबंध नाही. इतरत्र ज्याला 'वैष्णव एकादशी' म्हणतात, तिला मराठी पंचांगं 'भागवत' म्हणतात. वारकरी पंथाला आपण भागवत धर्म म्हणतो, त्यामुळे हा शब्द आपल्या कानाला परका नाही.

एकादशी एकच असते हे खरं, पण ती आपल्या दिवसाच्या चौकटीत बसत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी कधी २० तासांच्या आसपास असते, तर कधी २६ तासांच्याही वर जाते. ती पहाटे चारला सुरू होईल, नाहीतर भर दुपारी. उपास मात्र आपण सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत धरतो. तेव्हा कुठल्या सूर्योदयाचा दिवस 'एकादशीचा' मानायचा, हे कुणीतरी ठरवावं लागतं. स्मार्त आणि भागवत यांच्यातला फरक तेवढ्या एका निर्णयाचा आहे.

वादाची जागा आहे 'वेध'. मुंबईकराला हा शब्द ग्रहणामुळे ठाऊक असतो. ग्रहण लागण्याआधीच त्याचे वेध लागतात. एकादशीला लागतो तो दशमीचा वेध, म्हणजे दशमीची शेपटी एकादशीच्या दिवसात शिरणं. अशा एकादशीला 'दशमीविद्धा' म्हणतात आणि ती टाळावी असं धर्मशास्त्रावरचे निबंधग्रंथ सांगतात. गांधारीने दशमीविद्धा एकादशीचा उपास केला म्हणून तिचे शंभर पुत्र गेले, असा दाखलाही ते देतात. इथवर दोन्ही पक्षांचं एकमत आहे. मतभेद आहे तो शेपटी कुठवर आली म्हणजे ती शिरली असं धरायचं, यावर.

स्मार्त म्हणतात, सूर्योदयाला दशमी असेल तरच वेध. भागवत म्हणतात, नाही, अरुणोदयालाच ती संपलेली हवी. अरुणोदय म्हणजे सूर्योदयाआधीच्या चार घटिका. घटिका २४ मिनिटांची, म्हणून चार घटिका म्हणजे ९६ मिनिटं. जुन्या ग्रंथांत याच गोष्टीला 'छप्पन्न घटिकांचा वेध' असं म्हटलेलं सापडेल. आदल्या सूर्योदयापासून मोजत गेलं की साठातल्या छप्पन्न घटिका संपतात तिथे अरुणोदय लागतो, एवढाच त्याचा अर्थ. निंबार्क संप्रदाय तर याहून कडक आहे. मध्यरात्रीनंतर दशमी उरली तरी त्यांना वेध वाटतो. म्हणजे 'वैष्णव' म्हटलं की सगळे एकाच दिवशी, असंही नाही.

आता आकडे घालून बघा. आकडे मी मांडलेले आहेत, कुठल्या ठरावीक वर्षाचे नाहीत. नोव्हेंबरचा महिना आहे आणि मुंबईत सूर्योदय ६:४५ला आहे. त्यातून ९६ मिनिटं वजा केली की अरुणोदय ५:०९ला सुरू होतो. दशमी पहाटे ५:४०ला संपते आणि एकादशी दुसऱ्या दिवशी पहाटे ४:५०ला. सूर्योदयाला एकादशी आहे, तेव्हा स्मार्तांचा उपास त्याच दिवशी. पण ५:०९ ते ५:४० अशी एकतीस मिनिटं अरुणोदयात दशमी होती. भागवतांच्या लेखी तो दिवस बाद झाला आणि त्यांचा उपास दुसऱ्या दिवशी गेला. गंमत अशी की त्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो तेव्हा एकादशी संपलेली असते, बारस लागलेली असते. भागवत एकादशी पुष्कळदा प्रत्यक्षात द्वादशीलाच असते. त्यात कुणाची चूक नाही. दशमीने बाटलेल्या एकादशीपेक्षा शुद्ध द्वादशी बरी, असाच तो हिशेब आहे. हीच दशमी ४:५०ला संपली असती, तर दोघांचा उपास एकाच दिवशी आला असता आणि दिनदर्शिकेत नुसतं 'एकादशी' छापलं असतं.

हे घरच्या पंचांगात पडताळता येतं. एकादशीच्या आदल्या दिवसाची ओळ काढा आणि दशमीची समाप्ती बघा. तिथे २९:४० असा आकडा दिसला तर दचकू नका. मध्यरात्रीनंतरची वेळ पुष्कळ पंचांगं २४च्या पुढे मोजतात. त्यातून २४ वजा करा, पहाटेचे ५:४० मिळतील. मग आपल्या गावच्या सूर्योदयातून ९६ मिनिटं वजा करून त्याच्याशी ताडून बघा.

'आपल्या गावच्या' हे शब्द मुद्दाम वापरले. दशमी संपण्याचा क्षण देशभर एकच असतो, पण सूर्योदय एका वेळी होत नाही. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला आहे, म्हणून तिथे सूर्य साधारण पंचवीस मिनिटं आधी उगवतो. वरच्याच दिवसांत दशमी ५:००ला संपली असं धरा. मुंबईचा अरुणोदय ५:०९चा, म्हणजे दशमी त्याआधीच संपली आणि एकादशी शुद्ध राहिली. नागपूरचा अरुणोदय ४:४५च्या आसपासचा, तिथे वेध लागला. मुंबईतला भागवत आणि त्याचा नागपूरचा भाऊ, दोघंही तोच नियम पाळून वेगवेगळ्या दिवशी उपाशी राहतील. मोबाइलवरच्या पंचांगात दिल्ली किंवा उज्जैन निवडलेलं असलं की भिंतीवरच्या दिनदर्शिकेशी त्याचं जुळत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. जूनमध्ये दिल्लीचा सूर्योदय मुंबईच्या आधी पाऊण तासाला जरा कमी इतका असतो. वेधाच्या हिशेबात एवढं अंतर पुष्कळ झालं.

वेध नसतानाही दिवस फुटू शकतात. एकादशी लांबली आणि लागोपाठ दोन सूर्योदयांना हजर राहिली, की निर्णय द्वादशी बघून होतो. उपासाचं पारणं द्वादशीत व्हायला हवं. तिसऱ्या दिवशी सूर्योदयाला द्वादशी शिल्लक असेल तर पारण्याची अडचण नाही, म्हणून सगळेच दुसरा दिवस धरतात. अशा वेळी पहिल्या दिवशी सूर्योदयाला एकादशी असूनही त्या चौकटीत उपासाची खूण दिसत नाही आणि लोकांना ती छपाईची चूक वाटते. पण द्वादशी तिसऱ्या सूर्योदयाआधीच संपणार असेल, तर दुसऱ्या दिवशी उपास करणाऱ्याला पारण्याला द्वादशी मिळत नाही. म्हणून स्मार्त गृहस्थ पहिला दिवस धरतो. भागवत मात्र दुसराच धरतो, कारण त्याला पारणं त्रयोदशीला गेलेलं चालतं.

पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी शके १७१२मध्ये, म्हणजे १७९०मध्ये, 'धर्मसिंधु' लिहिला. आपल्याकडचे निर्णय बरेचसे त्यावरून होतात. या शेवटच्या प्रसंगी दुसरा दिवस कुणी धरावा याची त्यात यादी आहे, आणि तीत वैष्णवांबरोबर संन्यासी आणि विधवाही येतात. जुन्या स्मार्त घरांत आजीची एकादशी घरच्यांच्या दुसऱ्या दिवशी का यायची, त्याचं एक उत्तर या यादीत आहे. आजी काही वैष्णव झालेली नसायची, शास्त्राने तिला संन्याशांच्या पंगतीत बसवलेलं असायचं. या वर्गवारीबद्दल मला आदर नाही, पण शब्दाचा वापर समजून घ्यायचा तर ती माहीत हवी.

आता 'आम्ही कोणती धरायची?' वैष्णवी दीक्षा घेतलेला तो वैष्णव ही एक व्याख्या आहे. पण धर्मसिंधु पुढे असंही नोंदवतो की घराण्यात जे चालत आलं त्यावरूनच स्मार्त की वैष्णव हे ठरतं, असं वृद्ध मानतात. व्यवहारात हाच निकष चालतो. जातीवरून किंवा आडनावावरून ओळखायला जाल तर मुंबईत तर हमखास फसाल. सारस्वतांचंच बघा. कवळे किंवा चित्रापूर मठाचे अनुयायी स्मार्त, तर पर्तगाळी किंवा काशी मठाचे वैष्णव. एकाच इमारतीत, एकाच आडनावाच्या दोन घरांत एकादशी वेगवेगळ्या दिवशी असू शकते. देशस्थांमध्येही माध्व घरं वैष्णव आणि बाकीची स्मार्त. घरात माळकरी असतील किंवा गुरुपरंपरा वारकऱ्यांची असेल, तर भागवत एकादशी धरा. यातलं काहीच नसेल, घरात पंचायतन असेल किंवा आईवडील 'आपली साधी एकादशी' म्हणत असतील, तर स्मार्त. दोन्ही दिवस धरण्याचं कारण नाही. एकाच घरात सासर स्मार्त आणि माहेर भागवत असलं, तर लग्नानंतर सासरची रीत पाळायची असं जुने लोक सांगत. आता ज्याने त्याने आपली धरली तरी कुणी हटकत नाही, फक्त स्वयंपाकघरात दोन दिवस साबुदाणा भिजतो.

एक तपशील राहिला, तो स्मार्तांसाठी. दोन सूर्योदयांच्या एकादशीत पहिला दिवस धरलात, तर दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या उपास सोडू नका, कारण तेव्हा एकादशी चालूच असते. शिवाय द्वादशीचा पहिला चतुर्थांश 'हरिवासर' म्हणून पारण्याला वर्ज्य आहे. एकादशी सकाळी ७:३०ला संपली आणि द्वादशी साडेबावीस तासांची असली, तर तिचा चतुर्थांश साडेपाच तासांहून थोडा जास्त भरतो, म्हणजे पानावर बसायला दुपारचा एक वाजून जातो. त्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना डब्यात नेहमीची पोळीभाजी न्यायला हरकत नाही, फक्त तो जेवणाच्या सुट्टीआधी उघडू नका.