फोनवर दांड्या पूर्ण, तरी पाने उघडत का नाहीत?

प्रश्न: माझ्या फोनवर नेटवर्कच्या सगळ्या दांड्या दिसतात, तरी रात्री पाने उघडतच नाहीत. सिग्नल बूस्टर घ्यावा का?

बूस्टर घेऊ नये. दांड्या फक्त टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती मोठा पोहोचतो हे दाखवतात. त्या टॉवरकडे आपल्यासाठी वेळ किती उरला आहे, याचा त्यांत पत्ताच नसतो.

४जीच्या २० मेगाहर्ट्झ रुंदीच्या वाहिनीत एका वेळी वाटण्याजोगे १०० तुकडे असतात आणि टॉवर ते दर मिलिसेकंदाला नव्याने वाटतो. एकाच वेळी पन्नास जण डेटा मागू लागले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी दोनच तुकडे येतात. त्यातही दूरवरच्या, क्षीण सिग्नलच्या फोनला तेवढाच डेटा पोहोचवायला अधिक तुकडे खर्ची पडतात, त्यामुळे टॉवरजवळ बसलेल्यालाही त्याची झळ लागते. ही गर्दीची अडचण आहे, आणि बूस्टर सिग्नल मोठा करतो, तुकडे वाढवत नाही. परवानगीशिवाय लावलेला बूस्टर तर टॉवरच्या कानावर गोंगाट वाढवून सगळ्यांचेच नेट बिघडवू शकतो.

गर्दी आणि कमी सिग्नल यांतला फरक ओळखण्यासाठी अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोनच्या माहितीत, सिम स्टेटस उघडून डीबीएम या एककातला सिग्नलचा आकडा पाहावा; तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार. समजा, रात्री नऊला आणि पहाटे पाचला, त्याच खुर्चीत बसून, तो उणे ८० डीबीएमच्या आसपास आहे, पण पाने पहाटे झटकन आणि रात्री रखडत उघडतात. रोजचा डेटा संपल्याने कंपनीने वेग आवळला नसेल, तर दोष गर्दीचा आहे. याउलट आकडा उणे ११५ च्या जवळ असेल, कोणत्याही वेळी नेट रडतच असेल आणि खिडकीशी गेल्यावर सुधारत असेल, तर सिग्नलच कमी आहे. अशा वेळी फोटो पाठवणे बहुधा आधी अडते, कारण फोनची प्रक्षेपणशक्ती जेमतेम ०.२ वॉट असते, टॉवरची त्याहून कितीतरी पट. शिवाय फोन पूर्ण जोर लावत राहिल्याने बॅटरीही लवकर उतरते.

सिग्नल कमी असेल, तर उंची, खिडकी, बाहेरचा अँटेना असलेला राउटर आणि बोलण्यासाठी वाय-फाय कॉलिंग हे उपाय खरोखर लागू पडतात. आपल्या बाबतीत मात्र रांगच बदलायला हवी. प्रथम फोन ५जीवरून ४जीवर किंवा उलट करून पाहावा, कारण दोन्हींच्या वाहिन्या बहुधा वेगळ्या असतात आणि एक मोकळी असू शकते. त्याने भागले नाही, तर मित्राचे दुसऱ्या कंपनीचे सिम त्याच जागी, त्याच रात्रीच्या वेळी तपासावे. दुपारी केलेली तुलना येथे निरुपयोगी आहे. मोठे डाउनलोड पहाटेवर ढकलावे. पहाटेही वेग मंदच राहिला, तर मात्र वेळ व डीबीएमचे आकडे लिहून कंपनीकडे तक्रार नोंदवावी.