करारातले ७२ तास आणि कायद्यातले ७२ तास

प्रश्न : ठाण्यात आमची पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आहे आणि वाशी, कळवा, डोंबिवली येथे नमुना संकलन केंद्रे आहेत. रुग्णांचे रिपोर्ट महापे येथील एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर असतात. मी गुणवत्ता विभागात होते. आता मला प्रायव्हसी ऑफिसर नेमले आहे. या कंपनीबरोबरच्या डेटा प्रक्रिया करारातून डेटा कोणाला द्यायचा, किती काळ ठेवायचा आणि डेटा सुरक्षेचा भंग झाल्यास कोणी कोणाला कळवायचे, याची यादी करून संचालकांपुढे ठेवायची आहे. करारात ‘भंगाची खातरजमा झाल्यापासून ७२ तासांत कळवू’ असे आहे. कायद्यातही ७२ तासच आहेत, त्यामुळे सगळे जुळते, असे वरिष्ठ म्हणतात. मला ते पटत नाही. यादी माझ्या सहीने जाणार आहे. उद्या काही झाले तर मी अडकेन का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे. करारातले ७२ तास आणि कायद्यातले ७२ तास हे आकडे सारखे असले, तरी ते वेगवेगळ्या क्षणी सुरू होतात आणि वेगवेगळ्या कामासाठी आहेत. म्हणून आधी भंगाच्या कलमाविषयी सविस्तर लिहितो. यादीतला खरा धोका तिथेच आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार आपली प्रयोगशाळा ही ‘डेटा फिड्युशिअरी’, म्हणजे डेटा कशासाठी व कसा वापरायचा हे ठरवणारी संस्था, आणि महाप्याची कंपनी ही ‘डेटा प्रोसेसर’, म्हणजे तिच्या वतीने डेटा हाताळणारी संस्था ठरते. कलम ८(१) सांगते की, करारात काहीही लिहिलेले असो, प्रोसेसरने आपल्या वतीने केलेल्या प्रक्रियेबद्दल अधिनियमाच्या पालनाची जबाबदारी फिड्युशिअरीचीच राहते. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भंग, सुरक्षा व साठवणूक यांविषयीच्या तरतुदींना १८ महिन्यांची मुदत दिलेली असल्याने त्या मे २०२७ पासून लागू होतात. मात्र तोवर मोकळीक आहे असे कोणी समजू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ४३अ आणि त्याखालील २०११ चे नियम, ज्यांत वैद्यकीय माहिती संवेदनशील मानली आहे, तोपर्यंत लागू राहतात. शिवाय सायबर सुरक्षेच्या घटना पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेतच.

आता एक प्रसंग कल्पून घड्याळ लावून पाहू. शुक्रवारी रात्री ९ वाजता महाप्याच्या कंपनीतील रात्रपाळीच्या अभियंत्याला दिसते की एका अनोळखी लॉगिनवरून आपल्या रुग्णांचे रिपोर्ट मोठ्या संख्येने उतरवून घेतले जात आहेत. तो लॉगिन बंद करतो आणि वरिष्ठांना कळवतो. शनिवार-रविवार तपास चालतो आणि सोमवारी दुपारी १२ वाजता कंपनीची अंतर्गत समिती भंगाची ‘खातरजमा’ झाल्याचे नोंदवते. आपल्या कराराप्रमाणे कंपनीला गुरुवारी दुपारी १२ पर्यंत गप्प राहण्याची मुभा आहे. म्हणजे पहिल्या खुणेपासून १३५ तास लोटले तरी तिने कराराचा भंग केलेला नाही. खातरजमा कधी झाली हे तीच ठरवणार असल्याने हा काळ आणखी कितीही लांबू शकतो.

कायद्याकडून पाहिले तर चित्र अगदी वेगळे दिसते. सर्ट-इनच्या निर्देशांनुसार डेटा भंग किंवा अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून, अथवा लक्षात आणून दिल्यापासून, ६ तासांत सर्ट-इनला कळवावे लागते, आणि हे बंधन प्रत्येक कंपनीवर आहे. महाप्याच्या कंपनीची ही मुदत शनिवारी पहाटे ३ वाजता संपते. तिने आपल्याला कळवले की त्या क्षणापासून आपले स्वतःचे ६ तास सुरू होतात. दुसरीकडे, २०२५ च्या नियमांतील नियम ७ पाहा. भंगाची जाणीव होताच डेटा संरक्षण मंडळाला आणि प्रत्येक बाधित रुग्णाला विनाविलंब कळवायचे असते. ७२ तासांची मुदत ही पहिल्या सूचनेसाठी नाही. भंग कसा झाला, कोणामुळे झाला याबद्दल काय आढळले, काय उपाय केले आणि रुग्णांना काय कळवले, हा तपशील मंडळाला देण्यासाठी ती आहे. आपल्या वरिष्ठांची गफलत नेमकी इथे झाली आहे. भंग लहान असेल तर कळवायला नको, अशी सवलतही या नियमात नाही.

‘जाणीव’ कोणाची धरायची, आपली की प्रोसेसरची, हे नियमात स्पष्ट केलेले नाही. आपल्याला गुरुवारी कळले म्हणून तेव्हापासून मोजा, असा युक्तिवाद करता येईल. पण कलम ८(१) समोर ठेवून मंडळ विचारू शकते की ज्याच्या कामाची जबाबदारी तुमची आहे, त्याला शुक्रवारी रात्री कळलेली गोष्ट तुम्हाला गुरुवारपर्यंत कळू नये, असा करार तुम्ही केलातच कसा? वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत आणि भंग न कळवल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे पाहता तो युक्तिवाद अजमावण्याच्या भरीस मी कोणत्याही अशिलाला पाडणार नाही.

म्हणून यादीत या कलमाची नोंद करताना नुसते ‘७२ तास’ असे लिहू नका. मी ती नोंद अशी करीन : ‘करारानुसार प्रोसेसरने प्रयोगशाळेला कळवायचे, मुदत ७२ तास, सुरुवात प्रोसेसरच्या खातरजमेपासून, सूचनेत काय असावे याचा उल्लेख नाही, प्रोसेसरने पुढे काम दिलेल्या उप-प्रोसेसरकडे झालेल्या भंगाचा उल्लेख नाही, कायद्याच्या मुदतींशी विसंगत, दुरुस्ती आवश्यक.’ दुरुस्तीचा मसुदाही सोबत जोडा : ‘प्रोसेसरच्या किंवा त्याच्या उप-प्रोसेसरच्या कोणत्याही कर्मचाऱ्याच्या लक्षात भंग अथवा भंगाचा वाजवी संशय आल्यापासून ४ तासांच्या आत प्रोसेसर प्रयोगशाळेच्या नेमलेल्या अधिकाऱ्यास दूरध्वनीने व ईमेलने कळवील आणि उपलब्ध तेवढा तपशील लगेच देऊन उर्वरित तपशील मिळेल तसा देत राहील.’ चार तास जमणार नाहीत असे कंपनी म्हणाली, तर तिला स्वतःला सर्ट-इनला ६ तासांत कळवावेच लागते, हे दाखवून द्या. भंगाच्या व्याख्येकडेही नजर टाका. डेटा बाहेर गेला तरच भंग, असे करारात असेल तर ते अपुरे आहे. अधिनियमाच्या व्याख्येत डेटा नष्ट होणे आणि त्यापर्यंत पोहोचता न येणे हेही येते, त्यामुळे खंडणीसाठी सर्व्हर कुलूपबंद केला गेला तर तोही भंगच होय.

साठवणुकीच्या बाबतीत बहुतेक करार एकच गोष्ट बोलतात : करार संपल्यावर अमुक दिवसांत डेटा परत करू किंवा पुसून टाकू. कायद्याचे काम मात्र करार चालू असतानाच सुरू होते. रुग्णाने संमती मागे घेतली, किंवा ज्यासाठी डेटा घेतला तो हेतू संपला, तर दुसऱ्या कायद्याने ठेवणे भाग नसल्यास तो आपण पुसायचा आणि प्रोसेसरकडूनही पुसून घ्यायचा, असे कलम ८(७) सांगते. तेव्हा आपण कळवल्यावर कंपनीने किती दिवसांत पुसायचे, बॅकअपमधून तो केव्हा जाणार आणि पुसल्याचे लेखी प्रमाणपत्र कोण देणार, हे तिन्ही करारात सापडते का ते पाहा. न सापडल्यास ‘करारात तरतूद नाही’ अशीच नोंद करा. यादीत रिकामी जागाही दिसली पाहिजे.

याच्या उलट चूकही होते आणि ती सहसा सुटून जाते. सेवेच्या परिशिष्टात कुठेतरी ‘लॉग ९० दिवस ठेवले जातील’ असे वाक्य असते. लॉग म्हणजे कोणी, केव्हा, काय पाहिले किंवा उतरवले याची यंत्रणेतली नोंद. सर्ट-इनचे निर्देश लॉग १८० दिवस ठेवायला सांगतात, आणि २०२५ च्या नियमांनुसार प्रक्रियेचे लॉग किमान एक वर्ष ठेवावे लागतील. लॉगच नसतील तर शुक्रवारी रात्री नेमके कोणाचे रिपोर्ट गेले हे कोणीही सांगू शकणार नाही. मग आपल्याला बाधित रुग्ण वेगळे काढता येणार नाहीत आणि सगळ्यांनाच पत्र पाठवण्यावाचून गत्यंतर उरणार नाही. म्हणून पुसण्याची मुदत आणि ठेवण्याची मुदत यांच्या नोंदी वेगळ्या करा.

डेटा कोणाला द्यायचा, याविषयी दोनच गोष्टी सांगतो. उप-प्रोसेसरची यादी बहुधा परिशिष्टात असते आणि ती जुनी झालेली असते. रिपोर्ट तयार झाल्याचा संदेश रुग्णाच्या मोबाइलवर ज्या संस्थेमार्फत जातो, ती त्यात आहे का, हे आधी तपासा. आपला डेटा कोणाकोणाला दिला हे विचारण्याचा हक्क कलम ११ रुग्णाला देते आणि ही यादी अपुरी असेल तर त्याला दिलेले उत्तरही अपुरे ठरेल. दुसरी गोष्ट अशी की, ‘सेवा सुधारण्यासाठी’ कंपनी हा डेटा स्वतः वापरू शकते, अशी परवानगी एखाद्या पोटकलमात असेल तर ती लाल शाईने दाखवा. स्वतःच्या हेतूसाठी डेटा वापरणारी कंपनी त्या वापरापुरती प्रोसेसर राहत नाही, आणि आपल्या रुग्णांनी त्या हेतूला संमती दिलेली नसते.

डेटा प्रक्रिया कराराबरोबर मूळ सेवा करारही मागून घ्या. दोन्हींत विसंगती असल्यास कोणता करार वरचढ, हे त्यात लिहिलेले असते. डेटा करारात सुधारलेली मुदत मूळ कराराच्या एका वाक्याने निष्प्रभ होऊ शकते. नुकसानभरपाईची कमाल मर्यादाही तिथेच असते. ती एका वर्षाच्या सेवाशुल्काएवढी असेल, तर भंगानंतरचा बहुतेक खर्च प्रयोगशाळेलाच सोसावा लागेल, हे संचालकांना आकड्यांत दाखवा.

आपल्या सहीबद्दल. २०२३ च्या अधिनियमातील वर सांगितलेले दंड फिड्युशिअरी संस्थेवर आहेत, यादी करणाऱ्या कर्मचाऱ्यावर नाहीत. सर्ट-इनचे निर्देश न पाळणे हा मात्र माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०ब(७) खाली गुन्हा असून त्यात कैदेचीही तरतूद आहे, आणि कंपनीचा गुन्हा ज्या अधिकाऱ्याच्या संमतीने किंवा हलगर्जीपणामुळे घडला, त्याच्यापर्यंतही कलम ८५ पोहोचू शकते. ‘सगळे जुळते’ असे लिहून सही करू नका. प्रत्येक त्रुटी, तिच्यावरची दुरुस्ती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत हवी हे यादीत लिहा, यादी संचालकांना ईमेलने पाठवा आणि त्यांच्या बैठकीच्या इतिवृत्तात तिची नोंद करून घ्या. महाप्याच्या कंपनीला दुरुस्तीचे पत्र मात्र कराराच्या नूतनीकरणाआधी गेले पाहिजे, कारण नूतनीकरणाची सही झाल्यावर तिला एक शब्दही बदलण्याचे कारण उरणार नाही.