दिवसाला चार ब्लाउज म्हणजे महिन्याला साठ हजार?

प्रश्न: भांडुपला ब्लाउज शिवण्याचं दुकान टाकायचं आहे. खर्च जाऊन महिन्याला ३० हजार हातात राहायला हवेत. रोज किती ब्लाउज शिवावे लागतील? की सोबत ड्रेस मटेरियलही विकायला ठेवू?

उत्तर:

दुकान टाकायच्या आधी विचारताय हे बरं. मी टाकल्यावर वर्षभराने हिशोबाला बसले.

आमच्या थोरल्या दिरांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे गणित मांडलं होतं. दोन तासांत एक ब्लाउज, दिवसाला चार, शिलाई ६०० रुपये, महिन्याचे पंचवीस दिवस. झाले साठ हजार! त्या पत्रिकेच्या जोरावर मी ९,००० भाड्याचा गाळा घेतला. वर्षअखेरीला वहीत महिन्याला सरासरी बासष्ट ब्लाउज निघाले आणि हातात पडले जेमतेम सोळा हजार. दिरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाकीचे पैसे गेले कुठे?" तो प्रश्न मला अजून झोंबतो.

पैसे कुठेच गेले नव्हते, गणितच उलट्या टोकाने करायला हवं होतं. हातात हवेत ते तीस हजार आधी लिहा. त्यात एकही ब्लाउज आला नाही तरी जाणारा खर्च मिळवा. माझा होता गाळ्याचं भाडं ९,०००, वीज १,२००, मशीनची दुरुस्ती, तेल, सुया ८०० आणि फोन व भुलेश्वरच्या खेपा १,०००. म्हणजे १२,०००. एकूण बेचाळीस हजार शिलाईतून सुटले पाहिजेत.

आता एका ब्लाउजमागे खरं सुटतं किती? सहाशेतून अस्तराचे ९०, धागा-हुक-कॅनव्हासचे २० आणि काज-हुक-तुरपाई करणाऱ्या शेजारच्या काकूंचे ४० काढा. राहिले ४५०. बेचाळीस हजारांना साडेचारशेने भागलं की चौऱ्याण्णव ब्लाउज येतात.

खरी गोम पुढे आहे, ती म्हणजे वेळ. दिरांचे दोन तास फक्त मशीनचे होते. मी पंधरा दिवस घड्याळ लावून लिहिलं. कापणं आणि शिवणं सव्वादोन तास. माप घेणं, गळ्याच्या डिझाइनवर बोलणं, फिटिंगला परत आलेलं उसवणं यात आणखी पाऊण तास. तीन तासांनी चौऱ्याण्णव ब्लाउज म्हणजे २८२ तास, पंचवीस दिवसांत रोज सव्वाअकरा. घरचा स्वयंपाक कोण करणार? बासष्टलाच माझे रोज साडेसात तास जात होते. म्हणजे मी आळशी नव्हते, दरच कमी होता.

गिऱ्हाइकंही यातूनच निघतात. माझ्याकडे बाई आली की साधारण दोन ब्लाउज टाकते आणि तीन महिन्यांनी परत येते. चौऱ्याण्णवसाठी महिन्याला सत्तेचाळीस फेऱ्या, म्हणजे एकशे चाळीसच्या वर नेहमीच्या बायका हव्यात. नव्या दुकानाला पहिल्या वर्षी इतक्या कुठून येणार?

मग मी गाळा सोडून मशीन घरी आणली आणि शिलाई ७५० केली. आता एका ब्लाउजमागे सहाशे सुटतात आणि भाडं नसल्यामुळे ठरलेला खर्च तीन हजारांवर आला. तेहतीस हजार भागिले सहाशे, पंचावन्न ब्लाउज. रोज साडेसहा तास आणि त्र्याऐंशीच्या आसपास बायका. दीर म्हणाले, "पाटी नाही तो धंदा कसला?" पाटीचे नऊ हजार म्हणजे जुन्या दराने महिन्याला वीस ब्लाउज, साठ तास. तेवढे तास मी पाटीसाठी शिवत होते. हे त्यांना तेव्हा सांगता आलं नाही, इथे सांगतेय.

अर्थात घरी आणल्यावर रस्त्यावरून येणारी गिऱ्हाइकं तुटली आणि दर वाढवल्यावर काही जुन्या बायकाही गेल्या. नेहमीच्या बायका नसताना मी घरून सुरुवात केली असती तर जमलं नसतं बहुधा. शिवाय वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. पितृपक्षात नवं कापड येत नाही, भर पावसातही काम मंदावतं. म्हणून वर्षाचे ६६० ब्लाउज दहाच महिन्यांत बसवा. तेव्हा महिन्याला सहासष्ट आणि रोज जवळजवळ आठ तास होतात. साडेसहा हा आकडा तसा फसवाच म्हणायचा.

आकडे माझ्या वहीतले आहेत. तुमच्या गल्लीतला दर विचारून घ्या आणि हात किती चालतो ते घड्याळ लावून बघा. रोजचे ब्लाउज त्यातूनच निघतील.

ड्रेस मटेरियल मी कधी ठेवलं नाही. ठेवायचंच असेल तर एका पिसावर खरेदी वजा जाता किती सुटतं ते लिहा आणि न खपलेल्या पिसांत अडकलेली रक्कम तीस हजारांत धरू नका.