पेलाभर पाणी आणि चार उपास

"आई, आजी एकादशीला खिचडी खाते, चहा पिते, तरी म्हणते उपास आहे. माझी मैत्रीण रमजानमध्ये पाणीसुद्धा पीत नाही. मग खरा उपास कुणाचा?"

प्रिय बाळा,

दोघींचाही. फक्त आजीचा उपास ज्याने मोडतो आणि तुझ्या मैत्रिणीचा ज्याने मोडतो, त्या गोष्टी वेगळ्या आहेत. कोणताही उपास समजून घ्यायचा असेल तर तो कशाने मोडतो ते बघ, म्हणजे तो कशासाठी आहे हेही कळतं. तू पाण्याचं विचारलंस, तर पेलाभर पाणीच घेऊ.

आजीच्या एकादशीला पाणी चालतं, धान्य चालत नाही. तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी बंद; वरी, राजगिरा, शिंगाडा, रताळं, शेंगदाणे चालतात. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून करतात, म्हणून तो धान्यात मोजत नाहीत. कसावा, बटाटा, मिरची हे सगळं अमेरिका खंडातून आलेलं, म्हणजे आजची खिचडी ही नंतरची सोय आहे. मूळ रीत अशी, की दशमीला एकदाच जेवायचं, एकादशीला पोट हलकं ठेवायचं, रात्री भजनात जागायचं आणि द्वादशीला सकाळी उपास सोडायचा. उपवास म्हणजे जवळ राहणं, देवाच्या जवळ. भरल्या पोटी झोप येते, म्हणून हलकं खायचं. तुपातली खिचडी, वडे आणि वर बटाट्याचा कीस खाल्ला की अंग जड होतं आणि जागरण राहून जातं. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण त्यावरूनच आली.

उपास सोडण्याला पारणं म्हणतात आणि ते द्वादशी संपायच्या आत व्हावं लागतं. हट्टाने उपास लांबवला तरी व्रतात उणेपणा येतो. भागवतात अंबरीष राजाची गोष्ट आहे. दुर्वास ऋषी जेवायचं कबूल करून नदीवर गेले ते लवकर परतेनात, इकडे द्वादशी संपत आली. पाहुण्याआधी जेवलं तर अपमान, न जेवलं तर व्रतभंग. ब्राह्मणांनी सांगितलं, पाणी पी, ते प्यायलं तर खाल्ल्यासारखंही आहे आणि न खाल्ल्यासारखंही. राजा पाणी प्यायला. (इथे परदेशात एक लक्षात ठेव. तिथी स्थानिक सूर्योदयावर धरतात, त्यामुळे भारतातल्या कॅलेंडरवरची एकादशी इथे कधी एक दिवस आधी किंवा नंतर येते.)

तुझ्या मैत्रिणीचा रोजा पहाटेच्या फज्रपासून सूर्यास्तापर्यंत असतो. कुराणात त्याचा हेतू सांगितलाय तो तकवा, म्हणजे अल्लाहची जाण ठेवून स्वतःला आवरणं. एरवी हलाल असलेलं पाणी दिवसभर वर्ज्य, कारण कुणी बघत नसताना न पिणं हीच तर साधना. म्हणून जाणूनबुजून घेतलेला एक घोटही रोजा मोडतो. पण रोजा आहे हे विसरून पाणी प्यायलं, तर बहुतेक फकीह, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार, म्हणतात की रोजा मोडत नाही. आठवताच थांबायचं आणि पुढे चालू ठेवायचा. आजारी माणूस आणि प्रवासी यांना सूट आहे, ते राहिलेले दिवस नंतर भरून काढतात.

जैनांच्या उपवासात अन्न अजिबात नसतं. पाणी उकळलेलं, तेही सूर्यास्ताआधीच. चौविहार उपवासात तेही नाही. हेतू निर्जरा, म्हणजे आत्म्याला चिकटलेलं कर्म तपाने झडणं. आधी पच्चक्खाण, म्हणजे त्यागाची प्रतिज्ञा, घेऊन जे सोडायचं ठरवलं, ते पाळणं महत्त्वाचं. म्हणूनच आयंबिलही तपच आहे: त्यात दिवसातून एकदा तूप, तेल, दूध, दही, साखर, मसाल्याविना जेवतात.

आता आपल्या भाषेतलाच एक उपास, जो फार थोड्या मराठी माणसांना माहीत आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची मातृभाषा मराठी. यहुद्यांच्या योम किप्पूरला ते 'दरफाळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी दारं लावून घरात राहायचे. सुमारे 25 तास अन्न नाही, पाणी नाही, चामड्याचे जोडेही नाहीत. वर्षभराच्या पापांची क्षमा मागायचा हा दिवस आहे आणि तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथात त्या दिवशी जिवाला क्लेश द्या असं सांगितलंय. म्हणून इथे तहान सोसायचीच असते. मात्र जिवाला धोका असेल, तर पाणी पिणंच धर्माने आवश्यक मानलंय.

मैत्रिणीला रमजानमध्ये घरी बोलवणार असशील तर तिच्या मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजची, नेमकी वेळ आधी विचारून घे. टेबलावर सगळ्यात पुढे खजूर आणि पेलाभर पाणी ठेव. रोजा त्यानेच सोडतात, बाकीचं जेवण नमाजनंतर वाढलंस तरी चालेल.

तुझी आई